‘अन्वस्त-चाप नियम’ घन बहुपदीसाठी ‘अचूक’: नेमकं काय अचूक?

पाटीपेन्सिल: बी.एस्सी.च्या टिपणांचं मराठीकरण चाललंय. सिम्प्सनच्या एक-तृतीयांश नियमावर हे वाक्य लिहिलं आहे: ‘अन्वस्त-चापांवर आधारलेला हा क्षेत्रकलनाचा नियम घन बहुपदींसाठीही अचूक असतो; एरवी त्याचे त्रुटिपद चौथ्या अवकलजावर अवलंबून असते.’ तपासणाऱ्या बाईंनी ‘चाप’, ‘क्षेत्रकलन’, ‘अचूक’ आणि ‘त्रुटिपद’ या चारही शब्दांखाली लाल रेघ मारली. शिवाय समासात विचारलंय, ‘तीन बिंदूंतून अन्वस्त काढता, मग घनाचा आलेख त्यावर कसा बसेल?’ शब्द सुचवा, आणि प्रश्नाचं उत्तरही कुणाला सोप्या भाषेत देता आलं तर द्या.

रफवही: ‘चाप’ काढून टाका. शाळेच्या भूमितीत आपण कंस म्हणतो, वर्तुळकंस. ‘चाप’ म्हटलं की मुलांना चाप बसवणं आठवतं. ‘परवलय’ लिहिलं नाहीत हे बरं केलंत, तो हिंदीतून येणारा शब्द आहे.

पाटीपेन्सिल: कंस लिहून पाहिलं. पुढच्याच ओळीत सूत्र येतं आणि तिथे ‘कंसातील पदे’ असतात. एका परिच्छेदात दोन कंस, तेही मामा वगळून.

ओळंबा: आमच्याकडे घनफळासाठी हा नियम कायम वापरतात, त्यामुळे ‘घन’ शब्द बरोबर आहे. तलावाची माती किती घनमीटर उपसली ते काढताना वरचा छेद, खालचा छेद आणि मधला छेद चौपट, अशी बेरीज करून खोलीने गुणायचं आणि ६ ने भागायचं. बांधकाम खात्यातली माणसं त्याला प्रिझमॉइडल म्हणतात. उत्तर अगदी बरोबर येतं.

रफवही: अहो, इथला घन म्हणजे x चा तिसरा घात. घनफळाचा काही संबंध नाही.

लंबक: शब्द वेगळे आहेत हे खरं, पण संबंध नाही असं म्हणवत नाही. ओळंबा यांनी सांगितलेलं सूत्र म्हणजे हाच नियम आहे, फक्त उंचीच्या जागी छेदाचं क्षेत्रफळ घातलेलं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० मध्ये, खातव्यवहारात, म्हणजे खोदकामाच्या मापांच्या प्रकरणात, हेच येतं. तिथलं उदाहरण वापीचं म्हणजे विहिरीचं आहे: तोंड १० हात गुणिले १२ हात, तळ त्याच्या निम्मा म्हणजे ५ गुणिले ६, खोली ७ हात. तोंडाचं क्षेत्र १२०, तळाचं ३०, आणि बाजूंच्या बेरजांचं क्षेत्र १५ × १८ = २७०. एकूण ४२०, भागिले ६, म्हणजे ७०. गुणिले ७, उत्तर ४९० घनहात.

यातले २७० म्हणजे मधल्या छेदाची चौपट. मधला छेद ७.५ × ९ = ६७.५, त्याला ४ ने गुणून पाहा. वरच्या आणि खालच्या क्षेत्रांची नुसती सरासरी घेतली तर ५२५ येतात, नुसता मधला छेद घेतला तर ४७२.५. एक जास्त, एक कमी, आणि दुसऱ्याची चूक पहिल्याच्या निम्मी. म्हणून मधल्याला दुप्पट वजन देऊन सरासरी काढली की बरोबर ४९० येतात.

इथे भिंती सरळ उतरत्या आहेत, म्हणून छेदाचं क्षेत्रफळ खोलीचं वर्ग फलन होतं. त्यासाठी अन्वस्त पुरेसं आहे, यात नवल नाही. नवल आहे ते पाटीपेन्सिल यांच्या वाक्यातल्या घनाचं.

रफवही: त्यात काय नवल? मध्याभोवती सममिती आहे, विषम घात आपोआप उडतात. म्हणून ३ चालतो, ५ चालतो, ७ चालतो. सगळ्या विषम घातांसाठी अचूक, असंच लिहून टाका.

लंबक: अर्धं बरोबर आहे. विषम घात उडतो तो मध्यबिंदूपासून मोजला तर. ० ते २ मध्ये `x^5` घेऊन पाहा. नियम देतो `(0 + 4·1 + 32)/3 = 12`, खरं क्षेत्रफळ `64/6`, म्हणजे सुमारे १०.६७. चुकलं, कारण मध्यापासून मोजलं तर `x = 1 + t` होतं आणि `(1 + t)^5` उलगडताना `5t^4` बाहेर पडतो. त्याला सममिती वाचवत नाही. घनातही `t²` बाहेर पडतोच, पण तो अन्वस्ताच्या आवाक्यात आहे. म्हणून मजल तिसऱ्या घातापर्यंत, पुढे नाही.

आता बाईंच्या प्रश्नाकडे. घनाचा आलेख अन्वस्तावर बसत नाही, आणि तो बसतो असा दावाही नाही. ० ते २ मध्ये `x^3` घ्या. (०,०), (१,१), (२,८) या बिंदूंतून जाणारं अन्वस्त `3x² − 2x`. दोघांतली वजाबाकी:

```
x³ − (3x² − 2x) = x(x−1)(x−2)
0 ते 1 : +1/4
1 ते 2 : −1/4
```

पहिल्या पट्टीत घन वर आहे, दुसऱ्या पट्टीत तेवढाच खाली. रेघा वेगळ्या, क्षेत्रफळ दोन्हींचं ४. कोणतीही घन बहुपदी म्हणजे तिच्या तीन बिंदूंतून जाणारं अन्वस्त अधिक या वळवळीची काहीतरी पट, आणि वळवळीचं एकूण क्षेत्रफळ शून्य. मधला बिंदू बरोबर मध्ये नसेल तर मात्र हे दोन तुकडे समान राहत नाहीत आणि घनाची सवलत जाते.

म्हणून माझा आक्षेप ‘अचूक’वर नाही, वाक्यात कर्ताच हरवलाय. ‘घन बहुपदीचे क्षेत्रफळ हा नियम तंतोतंत देतो’ असं लिहा. ‘घन बहुपदीसाठी अचूक’ लिहिलं की वाचणारा वक्र जुळवायला जातो.

पाटीपेन्सिल: हे पटलं. पण मग त्रुटिपदात चौथा अवकलजच का, आणि त्याच्या भाजकातले ९० कुठून येतात?

लंबक: त्या वळवळीची कितीही पट मिसळली तरी उत्तर बदलत नाही. मग ती पट आपल्या सोयीने निवडू. अशी निवडू की मिळणारी घन बहुपदी मध्यबिंदूवर मूळ वक्राला नुसती भेटणार नाही, स्पर्शही करेल. म्हणजे मधला बिंदू दोनदा मोजला गेला, एकूण चार अटी झाल्या, आणि उरलेला फरक चौथ्या अवकलजावर गेला. मध्यापासून `t` मोजून, पट्टीची रुंदी `h` धरून:

```
(1/24) · f''''(ξ) · ∫ t²(t² − h²) dt,  −h ते h
∫ = −4h⁵/15
खरे − नियमाचे = −(h⁵/90) · f''''(ξ)
```

`t²(t² − h²)` पूर्ण टप्प्यात ऋण किंवा शून्यच राहतं, चिन्ह बदलत नाही, म्हणून अवकलज एका `ξ`वरचा धरून बाहेर काढता येतो. साध्या वळवळीत चिन्ह मध्येच बदलतं आणि ही पायरी अडते. पडताळा हवा तर `x^4`, ० ते २: नियम २०/३ देतो, खरं ३२/५, फरक −४/१५. सूत्रात चौथा अवकलज २४ आणि `h = 1` घातले की −२४/९०, तेच.

रफवही: आमच्या वहीत १८० आहे आणि `h`चा चौथा घात.

लंबक: तीही बरोबर. ९० एका जोडपट्टीसाठी. `a` ते `b` मध्ये अशा `(b−a)/2h` जोड्या बसतात, त्या सगळ्यांची बेरीज `−(b−a)·h⁴·f''''(ξ)/180`. टिपणात दोन्हींना नुसतं ‘त्रुटिपद’ म्हणाल तर मुलं घात आणि भाजक यांची खिचडी करतील. आणि चिन्ह ‘खरे वजा नियमाचे’ असं धरलंय, तेही लिहा.

ओळंबा: मग मला एक सांगा. नाल्याकाठच्या जमिनीचे दर ५ मीटरवर आठ ऑफसेट, म्हणजे सरळ रेघेपासून काठापर्यंतची लंब अंतरं, होते: २.४, ३.१, ३.८, ४.०, ३.६, ३.०, २.५, १.९. पुस्तकात ‘विषम क्रमांकांना ४ ने गुणा’ लिहिलंय, तसं केलं. पहिल्या सातांचं ९१.१७ चौरस मीटर आलं, ट्रॅपेझॉयडलने ९९.७५. वक्र एवढा मोठा नाही.

लंबक: वक्राचा दोष नाही, क्रमांकाचा आहे. पुस्तकातली मोजणी ० पासून असणार, तुमची १ पासून. तुमच्या मोजणीत ४ पट सम क्रमांकांना हवी: ४ × (३.१ + ४.० + ३.०) = ४०.४, २ × (३.८ + ३.६) = १४.८, टोकांचे २.४ + २.५ = ४.९. बेरीज ६०.१, गुणिले ५/३, म्हणजे १००.१७. शेवटची सातवी पट्टी एकटी उरते, कारण जोड्या लागतात. ती समलंब धरून ११.००. एकूण १११.१७. गुणकांची बेरीज पट्ट्यांच्या तिप्पट आली पाहिजे: सहा पट्ट्यांना १८. तुमच्या पद्धतीत १६ येतात, तिथेच चूक कळते. मुलांच्या टिपणात ‘सम-विषम’ न लिहिता ‘टोकापासून दुसरा, चौथा’ असं लिहा.

आणि एकट्या पट्टीत घनाची सवलत नाही. बांधाला मध्येच कोपरा असेल तर तिथेही नाही.

रफवही: पट्ट्या दुप्पट केल्या की चूक सोळा पट कमी, हे तरी नेहमी खरं ना?

लंबक: चौथा अवकलज आवरलेला असेल तर. ० ते १ मध्ये `√x` घ्या. दोन पट्ट्यांनी ०.६३८१, चारांनी ०.६५६५, खरं ०.६६६७. फरक ०.०२८६ वरून ०.०१०१, जेमतेम २.८ पट कमी. शून्यापाशी चौथा अवकलज अमर्याद वाढतो. सोळाच्या जागी असा आकडा दिसला की फलनाच्या टोकांकडे पाहायचं.

पाटीपेन्सिल: ‘त्रुटिपद’ ठेवू का? बाई म्हणतात त्रुटी म्हणजे उणीव, आणि `x^4`ला तर नियम जास्त देतोय.

रफवही: ‘चूक’ नको, चूक माणसाची असते.

लंबक: मी ‘शेषपद’ लिहिलं असतं, ते अधिकही असू शकतं, उणेही. पण परीक्षेच्या कागदावर ‘त्रुटी’ येते, तेव्हा बाईंची रेघ इथे मी पुसणार नाही आणि मान्यही करणार नाही. ‘क्षेत्रकलन’ मला चालतं. मूळ ‘क्वाड्रेचर’ शब्दाचा अर्थ चौरस करणं असा आहे. आर्किमिडीजने अन्वस्ताच्या तुकड्याचं क्षेत्रफळ आतल्या त्रिकोणाच्या ४/३ पट दाखवलं, ते याच अर्थाने.

ओळंबा: जर्मन लोक याला पिंपाचा नियम म्हणतात असं ऐकलंय.

लंबक: हो, केप्लरच्या नावाने. त्याचं दारूच्या पिंपांच्या मापावरचं पुस्तक १६१५ चं, सिम्प्सनचं १७४३ चं.

पाटीपेन्सिल: मग ‘अन्वस्त-कंस’ की ‘अन्वस्त-चाप’?

रफवही: ‘अन्वस्ताचा तुकडा’. कुणाचंच भांडण नाही.

पाटीपेन्सिल: शीर्षकात ‘तुकडा-नियम’ वाचून बाई आणखी एक रेघ मारतील. उद्या त्यांना विचारून सांगते.