अबोला: राग निवतोय की आपल्याला शिक्षा चालू आहे? आपापले अनुभव सांगा

पराटी

आमचं गाव दारव्ह्याच्या बाजूला. पाच एकर वावर, कापूस आणि मधात तुरीच्या ओळी. जुलैत पाऊस झडीचा लागला होता आणि यांनी युरियाची बॅग काढली. मी म्हटलं, पाणी उतरू द्या, आत्ता टाकलं तर वाहूनच जाईल. एवढंच. पण शेजारचे भाऊजी तिथं बसले होते, आणि ते हसले. त्यानंतर नऊ दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत.

नऊ दिवस म्हणजे घरात सुतक नव्हतं बरं. सालगड्याशी गंमत चालू, फोनवर हसणं चालू, सासूबाईंशी कापसाच्या भावाच्या गप्पा चालू. ताट ठेवलं की जेवायचे, भिंतीकडे पाहून. काही हवं असलं की मुलाला हाक. "तुझ्या आईला सांग, डबा भर." मी सहा फुटांवर. पोरगा सात वर्षांचा. एकदा निरोप घेऊन निघाला आणि वाटेतच विसरला. मधल्या दारात उभा राहून एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता. मग रडायला लागला. तेव्हा मला वाटलं, हे कुठंतरी लिहून ठेवावं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाडव्यापासूनचं आठवून टिंबं मारली, आणि प्रत्येक अबोला कशानं संपला ते बाजूला लिहिलं. पाच वेळा. तीन दिवस, पाच, चार, नऊ आणि सहा. तीनदा मी "चुकलं माझं" म्हटलं तेव्हा संपला, आणि त्यातल्या दोनदा माझं काय चुकलं ते मला आजही सांगता येणार नाही. एकदा नणंदबाई आल्या. त्यांच्यासमोर "अगं चहा ठेव" असं गोड बोलले, त्यांची एसटी सुटल्यावर पुन्हा गप्प, मग दोन दिवसांनी आपोआप. आणि एकदा बचत गटाच्या कर्जाला माझी सही हवी होती.

लोक म्हणतात माणूस शांत व्हायला वेळ घेतो. मान्य. माझे वडीलही घ्यायचे. पण हे तेच आहे का, हे कसं ओळखायचं? ज्यांनी भोगलंय त्यांनी सांगा. आणि जे स्वतः अबोला धरतात त्यांनी तर सांगाच, शिव्या पडणार नाहीत.

शंकरपट

ताई, चोवीस तासांच्या वर गेला की तो छळच. मोबाईलवर एका डॉक्टरचं ऐकलं होतं. सरळ माहेरी जा, आठ दिवसांत ताळ्यावर येते गाडी.

जागल्या

मी अबोला धरणारा. लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं.

भांडण पेटलं की माझे कान तापतात, छाती धडधडते. ती काय बोलते ते ऐकू येतं, पण विहिरीच्या तळातून आल्यासारखं. त्या वेळी तोंडातून जे निघते ते मले स्वतःलेच पटत नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी असंच चुलीवरचं पातेलं लाथाडलं. वरण सगळ्या सपरीत. कुणाला लागलं नाही, पण माय जशी माझ्याकडे पाहत होती ते विसरत नाही. तेव्हापासून मी भांडणातून उठून जातो. वावरात मचाण आहे, हरभऱ्यात डुकरं येतात, जागलीचं निमित्त नेहमीच असते.

आता खरं सांगतो. पहिली रात्र रागाची असायची. टॉर्च मारत फिरलं, दोन बिड्या ओढल्या, चांदणं पाहिलं, की पहाटेपर्यंत डोकं थंड. दुसऱ्या रात्री मले राग नसायचाच. पण ती पोराच्या हाती डबा पाठवायची, त्यात ठेचा जास्त, भाकरीला तूप. मले समजायचं की ती घाबरली आहे, आणि ते आवडायचं. कसं लिहावं, पण आवडायचं. म्हणजे माझा एकच अबोला अर्धा खरा आणि अर्धा माजाचा होता.

आता जाताना सांगून जातो. "आता जमत नाही, सकाळी चहाला बोलू." आणि सकाळी विषय मीच काढायचा असं ठरलं आहे. हे दुसरं जास्त कठीण आहे बाप्पा. चहा संपतो तरी तोंड उघडत नाही. पण काढतो.

ढेमसं

आमची आजी श्रावण सोमवारी सूर्य मावळेपर्यंत मौन पाळायची. घर किती शांत असायचं. आजकाल मौनाची किंमतच राहिली नाही, प्रत्येक गोष्टीला छळ म्हणायचं.

पराटी

आजीनं मौन स्वतःवर धरलं होतं, आजोबांवर नाही. आणि कधी सुटणार ते सगळ्या घराला माहीत होतं.

सिस्टर_निवृत्त

मी अमरावती जिल्ह्यात सत्तावीस वर्षं उपकेंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात काढली. डोकं दुखतं, झोप नाही, छातीत कळ, असं सांगत बाया यायच्या. घरातल्या अबोल्याचं चौथ्या-पाचव्या भेटीला निघायचं.

जागल्या भाऊंनी जे लिहिलं, ते कान तापणं आणि विहिरीतून ऐकू येणं, ते बहाणा नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटलला मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवराबायकोला समोरासमोर बसवून वाद घालू दिला आणि दोघांची नाडी मोजली. बसलेल्या माणसाची नाडी 100 च्या वर गेली की ऐकणं, समजून घेणं बंदच पडतं, असं त्यांना दिसलं. एकदा त्यांनी यंत्र बिघडल्याचं सांगून वाद मध्येच थांबवला आणि अर्धा तास मासिकं वाचायला दिली. नाडी उतरली आणि तीच जोडपी वेगळ्या सुरात बोलू लागली. अंग उतरायला साधारण 20 मिनिटं तरी लागतात, आणि एका दिवसाच्या आत विषयाकडे परत यावं, असं ते सांगतात. शंकरपट भाऊंचे चोवीस तास बहुधा तिथूनच आले. पण ती परत येण्याची सोय आहे. पंचविसाव्या तासाला छळ सुरू होतो असा त्याचा अर्थ नाही.

एक अट मात्र आहे. त्या वेळात माणसानं मासिक वाचावं, बैल धुवावे, काहीही करावं. मचाणावर बसून "ती अशी म्हणालीच कशी" हेच घोळवत राहिला तर दोन दिवसांनीही अंग तापलेलंच.

पराटी ताई, तुमच्या टिंबांपेक्षा मला तुमचा दुसरा रकाना महत्त्वाचा वाटतो. तापलेला माणूस सगळ्यांशीच तुटक वागतो. इथं सालगड्याशी हसू आहे, नणंदेसमोर गोडवा आहे, म्हणजे नाडी केव्हाच उतरली आहे. बोलता येतं, फक्त तुमच्याशी बोलायचं नाही. आणि तो सुटतो कशानं? तुमच्या माफीनं किंवा त्यांच्या गरजेनं. युरियाचा विषय नंतर एकदा तरी निघाला का? शांत व्हायला गेलेला माणूस त्या विषयाकडे वळतो. शिक्षा देणाऱ्याला विषय नकोच असतो.

पण मी यांना पाहिलेलं नाही. काही घरांत बापानं हेच केलेलं असतं आणि लेकाला दुसरी रीतच ठाऊक नसते. त्याला आपण शिक्षा देतोय हे कळतही नाही. म्हणून भोगणाऱ्याचं कमी होत नाही, पण सांगून पाहण्यात अर्थ असतो.

लाखोळी

इथं सगळे पुरुषांबद्दल लिहून राहिले. आमच्या घरी अबोला माझा. यांना ओरडता येतं, मला नाही येत. सासरी नवीन असताना माझं कोणी ऐकायचं नाही, पण मी गप्प झाली की घर गपगार. तेवढंच एक हत्यार. तिसऱ्या दिवशी हे बाजारातून जिलबी आणायचे, मला आधीच माहीत असायचं.

मग मुलगी मोठी झाली आणि तिनं माझ्याशी तसंच केलं. चार दिवस. कॉलेजच्या फीवरून. तेव्हा कळलं आतून कसं पोखरते ते. मी सोडलं असं म्हणणार नाही. कमी केलं. सिस्टर, ज्याचं कोणी ऐकतच नाही त्यानं काय करावं, हे मात्र तुमच्या नाडीत बसत नाही.

सिस्टर_निवृत्त

नाही बसत. बरोबर आहे तुमचं.

हातपंप

आमच्याकडे अबोल्यासोबत किराण्याचे पैसे बंद होतात, माझ्या फोनचा रिचार्ज पण. मागच्या वेळी बारा दिवस. शेजारणीकडून तेल आणलं. हे पण त्यातच येते का?

सिस्टर_निवृत्त

हातपंप ताई, तुमचं वेगळं आहे, त्याला नुसता अबोला म्हणू नका. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात भावनिक छळ आहे, आणि घरखर्च अडवणं हा आर्थिक छळ म्हणून वेगळा मोजला आहे. मार खाल्लेला असावाच लागत नाही. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा, किंवा महिला व बालविकासच्या संरक्षण अधिकाऱ्याला भेटा. शेजारणीच्या फोनवरून केला तरी चालतो. तारखा लिहून ठेवा, पराटी ताईंसारख्या, पण भिंतीवर नको.

बरबटी

माझा अनुभव उलटा आहे म्हणून लिहिते. सोयाबीन गेलं त्या वर्षी आमचे हे गप्प झाले. मला वाटलं माझ्यावरच राग, कारण आदल्या दिवशी सोसायटीच्या कर्जावरून मी बोलले होते. मीही हट्टानं बोलले नाही. दहा दिवस. मग माझ्या ध्यानात आलं की हे लेकीशीही बोलत नाहीत, पारावर जात नाहीत, अर्धी भाकर परत येते, आणि रात्री दोनला ओसरीत बसलेले असतात. तो अबोला माझ्यावर नव्हताच.

भासऱ्यांना सांगून आधी घरातली फवारणीची औषधं त्यांच्याकडे नेऊन ठेवली. मग 14416 वर बोललो, टेलिमानसचा, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर, मराठीतून बोलतात. जिल्ह्याच्या दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या. आता बरं आहे. पराटी ताई, तुमचे हसतात-बोलतात, म्हणजे तसं नसेल, पण कोणी वाचत असेल तर सगळ्यांशीच गप्प झालेल्या माणसाशी हट्ट धरू नका.

शंकरपट

माहेरी जा म्हटलं ते मागे घेतो. माझी स्वतःची माहेरी गेली होती, आठ दिवसांनी मीच आणायला गेलो. पण भांडण कशाचं होतं ते अजूनही काढलं नाही आम्ही. ती पण नाही, मी पण नाही.

पराटी

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. काय झालं ते सांगते.

पोळ्याच्या आधी बैलांच्या झुलीवरून पुन्हा उडाली. चार दिवस गप्प. या वेळी माफी मागितली नाही, आणि पोराला सांगून ठेवलं की निरोप न्यायचा नाही, बाबांना म्हणायचं तुम्हीच सांगा. पहिल्या दिवशी डबा न घेताच वावरात गेले. दुसऱ्या दिवशी मी डबा भरून दारात ठेवला आणि म्हटलं, "अहो, बोलायचं नसेल तर नका बोलू, पण किती दिवस ते सांगा. मी वाट पाहीन." काही बोलले नाहीत. चपला घालून थांबले मात्र, जरा जास्तच वेळ. मग म्हणाले, "पोळा होऊ दे."

पोळा झाला. बैल ओवाळले, पुरण खाल्लं, सगळ्यांसमोर बोलले. रात्री मी झुलीचा विषय काढला तर म्हणाले, "झालं ना आता, कायले उकरतेस." म्हणजे दिवस सांगितला, तो पाळलाही, पण विषयाकडे आले नाहीत. याला काय म्हणावं मला कळत नाही.

कॅलेंडर मी भिंतीवरून काढून धान्याच्या कोठीमागे ठेवलं आहे. या वेळच्या टिंबापुढे काय लिहावं ते ठरलं नाही, ती जागा रिकामीच आहे.