मदत हवी आहे: ११८ कलमांच्या डॉक्युमेंटमधून पहिला बॅकलॉग कसा लावू?

विजयनगरची_विदुला
नमस्कार मंडळी. इंदूरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे. किकऑफपासूनची जबाबदारी पहिल्यांदाच आली आहे. ग्राहक नमकीनवाले. सेल्समनने दुकानातून मोबाइलवर ऑर्डर घ्यायची, गोदामातून माल निघायचा, मग उधारी वसूल करायची, असं काम आहे. त्यांच्या मागण्यांचं डॉक्युमेंट ६४ पानी. मी बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, प्रत्येक कलमाचा एक आयटम केला आणि प्रकरणांप्रमाणे एपिक, म्हणजे कामांचे मोठे गट पाडले: लॉगिन, मास्टर, ऑर्डर, बिलिंग, रिपोर्ट. रिलीज ठरवायला बसले तर पहिल्या दोन महिन्यांत दाखवायला फक्त दुकानांची यादी भरायचा फॉर्म उरतोय. मालकांना दिवाळीआधी काहीतरी चालतं हवंय. किकऑफ सोमवारी आहे. कुठे चुकतंय?

तुकोगंजचा_टेस्टर
एक्सेलमधून आयटम एकदम चढवायचे असतील तर आधी एपिक चढवा, मग त्यांच्याखालचे आयटम. मी उलट केलं होतं, सगळे जोड तुटले.

विजयनगरची_विदुला
दादा, चढवून झालेत. अडचण मांडणीची आहे.

बॅकएंडवाला_नितीन
मास्टर आधीच लागणार. दुकान आणि माल नसेल तर ऑर्डर कशाची घेणार? शिवाय वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याला दिलेल्या बिलाला ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. म्हणून बिलिंगही पहिल्याच रिलीजमध्ये घ्या.

गोदामकाका
नितीन, दुकानांची माहिती लागते हे बरोबर, पण ती भरायचा फॉर्म लागत नाही. पहिल्यांदा एक्सेलवरून भरून टाका. ई-इन्व्हॉइसचा नियमही खरा, पण विदुलाताई, आज त्यांची बिलं कुठे होतात? टॅलीत होत असतील तर पहिल्या रिलीजमध्ये तिथेच होऊ द्या. आपण रात्री पक्क्या ऑर्डरींची फाइल काढून द्यायची.

मुख्य अडचण एपिकची आहे. प्रकरणं लिहिणाऱ्याच्या सोयीने पडतात. ‘मास्टर’ नावाचा एपिक पूर्ण झाला असं कधी म्हणताच येत नाही, प्रत्येक नवं काम त्यात काहीतरी टाकून जातं. त्यापेक्षा एका ऑर्डरचा प्रवास भिंतीवर आडवा लावा: दुकान निवडलं, माल आणि नग टाकले, सूट लागली, ऑर्डर पक्की झाली, गोदामात यादी निघाली, गाडी भरली, माल पोचला, पैसे आले. मग कलमांच्या चिठ्ठ्या त्या त्या पायरीखाली लावा, जिच्यावाचून पायरी अडते ती सगळ्यात वर. मग एपिक आपोआप दिसतात: ‘संध्याकाळची ऑर्डर सकाळी गोदामात’, ‘गाडी बरोबर माल घेऊन निघते’, ‘उधारी वसूल होते’. वरची आडवी ओळ म्हणजे पहिला रिलीज: एक गोदाम, राजवाड्याकडच्या दुकानांची एकच लाइन, दोन सेल्समन. कलमाचा क्रमांक मात्र प्रत्येक आयटमवर ठेवा, कारण ‘आमचं ४.३ कुठे गेलं?’ हे मालक विचारणारच.

विजयनगरची_विदुला
काका, काल रात्री असं लावून पाहिलं. दोन गोष्टी दिसल्या. दुकान शोधणे, यादीतून निवडणे, शेवटची ऑर्डर दाखवणे आणि सेव्ह करणे ही चार कलमं मिळून एकच स्टोरी, म्हणजे सेल्समनचं एक पूर्ण काम झालं. उलट ३.२.७ मध्ये एकच वाक्य आहे, ‘सिस्टीमने योजनेप्रमाणे सूट द्यावी.’ फोनवर विचारलं तर त्यात डझनावर एक पाकीट फुकट, रकमेच्या टप्प्यांची सूट आणि ठरावीक जुन्या दुकानांचा वेगळा भाव निघाला. एका कलमाच्या तीन स्टोऱ्या. पहिल्या रिलीजमध्ये फक्त डझनावर एक ठेवलं. बाकीच्या दोन्हींत सेल्समन सूट हाताने टाकेल.

गोदामकाका
छान. आता शेवटचं प्रकरण वाचा, वेग आणि सुरक्षेचं. तिथे ‘नेटवर्क नसताना चालावे’ असं काही आहे का?

विजयनगरची_विदुला
आहे, पान ५८. मी ते शेवटच्या रिलीजला टाकलं होतं.

गोदामकाका
ते पहिल्यात आणा. जुन्या बाजारातल्या आतल्या दुकानांत सिग्नल जातो. ऑर्डर फोनमध्येच साठवून नंतर पाठवायची असेल तर ती साठवायची रीतच बदलते. नंतर घातलं तर ऑर्डरचा सगळा भाग पुन्हा लिहावा लागेल. ‘पान ३ सेकंदांत उघडावे’ यासारख्या कलमांचा वेगळा आयटम नको, ती प्रत्येक स्टोरीच्या स्वीकाराच्या अटींत घाला. आणि तिसऱ्या रिलीजपलीकडच्या एपिकला नुसतं नाव पुरे, स्टोऱ्या पाडू नका. पहिली लाइन चालल्यावर त्या बदलतात.

बॅकएंडवाला_नितीन
ऑफलाइनचं पटलं. पण मग दोन सेल्समननी एकच शेवटची पेटी विकली तर?

गोदामकाका
पहिल्या रिलीजमध्ये शिल्लक दाखवूच नका. आजही ते वहीत ऑर्डर लिहितात, शिल्लक गोदामवाला पाहतो.

विजयनगरची_विदुला
मुदत संपून परत आलेला माल मी दुसऱ्यात ठेवला होता, पण सेल्समन म्हणतात की जुना माल उचलल्याशिवाय दुकानदार नवी ऑर्डरच देत नाही. तेव्हा नगाची नोंद तेवढी पहिल्यात घेतेय, पैशांचा हिशेब नंतर.
एक गाठ अजून सुटत नाही. करारात आमचे हप्ते मॉड्यूलवर आहेत: मास्टर पूर्ण झाल्यावर इतके, ऑर्डर पूर्ण झाल्यावर इतके. एपिक असे आडवे पाडले तर पहिला हप्ता कशावर मागायचा? कोणी करार मध्येच बदलून घेतला आहे का?

तुकोगंजचा_टेस्टर
आमच्याकडे ग्राहकाने नकार दिला होता. शेवटी मास्टरचे फॉर्म आधी करून दिले आणि ते सहा महिने कोणी उघडले नाहीत. तुम्ही सोमवारीच हा विषय काढा, सह्या ताज्या आहेत तोवर.