टिळकवाडी सोसायटी ग्रुप : डीडीआर४ की डीडीआर५?

काका (१०२): आमच्या पोराला गेमिंगचा पीसी जोडायचाय. प्रोसेसर आय-५ १२४००एफ, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६०, मॉनिटर फुल एचडी १४४ हर्ट्झ. भाच्याकडं ३२०० ची ८-८ जीबीची डीडीआर४ रॅमची जोडी पडून आहे. दुकानदार म्हणतो, "डीडीआर५ ४८०० घ्या, दीडपट स्पीड." खरं काय?

सुहास (३०४): काका, ४८०० हा आकडा ३२०० च्या दीडपट आहे, ते बरोबर. पण त्यानं गेम दीडपट पळत नाही. एका सेकंदात किती डेटा वाहतो, एवढंच तो आकडा सांगतो. गेमला त्याच्याइतकंच महत्त्वाचं असतं ते मागितल्यावर पहिला डेटा किती लवकर येतो ते. त्यासाठी डब्यावरचा सीएल बघा, तो त्या उशिराचाच आकडा असतो. सीएलला २००० नं गुणा आणि स्पीडनं भागा. ३२०० सीएल१६ ला १० नॅनोसेकंद येतात, स्वस्तातल्या ४८०० सीएल४० ला जवळपास १६.७. डीडीआर५ ६००० सीएल३० घेतली तर परत १० येतात आणि वहनही जास्त मिळतं. फरक बघायचा तर ती घ्यावी लागते, आणि ती महाग आहे.

वैभव (२०३): पण मी व्हिडिओत फरक बघितलाय की रे.

सुहास (३०४): दिसतो, पण कुठं ते बघ. तिथं बहुतेक वेळा सगळ्यात भारी कार्ड लावून टेस्ट करतात, म्हणजे अडणार तो प्रोसेसर आणि रॅम. इथं ४०६० आहे. हाय सेटिंगला जड गेममध्ये कार्डच ९७-९९ टक्क्यांवर जाऊन बसतं. मग रॅम कुठलीही असू दे, एफपीएस, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, जवळपास तेवढेच. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये रॅमचा फरक पडतो, पण १४४ च्या मॉनिटरवर २०० चे २२० झाले तर पोराला काय दिसणार?

काका (१०२): पुढं अपग्रेड करायचं झालं तर?

सुहास (३०४): बी७६० चा डीडीआर४ मदरबोर्ड घेतलात तरी इंटेलचे १३व्या-१४व्या पिढीचे प्रोसेसर त्याच सॉकेटात बसतात. डीडीआर५ ची काडी मात्र त्यात बसणार नाही, तिच्यावरची खाच वेगळ्या जागी असते. म्हणून बोर्डाच्या नावात D4 किंवा DDR4 आहे का ते बिल करायच्या आधी बघा. नवी रॅमसुद्धा विकतच घ्यायची असती तर मी डीडीआर५ म्हणालो असतो. जोडी हातात असताना मात्र नाही. वाचलेल्या पैशात कार्ड एक पायरी वरचं येत असेल तर तेच घ्या, ते प्रत्येक गेमला जाणवेल.

वैभव (२०३): जोडी कुठल्या स्लॉटमध्ये लावायची?

सुहास (३०४): चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा. पहिल्या-दुसऱ्यात किंवा तिसऱ्या-चौथ्यात शेजारी-शेजारी लावली तर दोन्ही काड्या एकाच चॅनेलवर जातात, आणि तो तोटा डीडीआर४-५ च्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. मग बायोसमध्ये XMP चालू करा, त्यानं रॅम डब्यावरच्या स्पीडला चालते. विंडोज सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ३२०० दिसायला पाहिजे. २१३३ किंवा २६६६ दिसलं तर XMP लागलेलं नाही.

काका (१०२): बरं. जोडीवर सीएल लिहिलाय का ते भाच्याला विचारतो आणि टाकतो इथं.