मदत हवी आहे: रोजचा बीटा ०.४८, मासिक १.१२, एककडे ओढायचा तर यातला कुठला?

होटगी_रोड:
सोलापुरातल्या एका खाजगी टॉवेल कारखान्याचं मूल्यांकन चालू आहे. तुलनेसाठी शेअर बाजारातली एक छोटी टेक्स्टाइल कंपनी धरली आहे, पण तिच्यात रोजचे सौदे फार तुरळक होतात. निफ्टी ५०० वर रिग्रेशन केलं. २ वर्षांच्या रोजच्या परताव्यावर बीटा ०.४८, २ वर्षांच्या साप्ताहिकवर ०.७९ आणि ५ वर्षांच्या मासिकवर १.१२ आला. दोन तृतीयांश कच्चा बीटा अधिक एक तृतीयांश हे नेहमीचं सूत्र लावलं, की अनुक्रमे ०.६५, ०.८६ आणि १.०८ मिळतात. अहवालात कुठला लिहू?

सात_रस्ता:
रोजचा घ्या. जवळपास ४९० नोंदी आहेत, मासिकला फक्त ६०. नोंदी जास्त तितकी प्रमाण त्रुटी कमी, त्यामुळे अंदाज जास्त विश्वासाचा.

विजापूर_वेस:
त्रुटी कमी होते हे खरं, पण इथे अंदाजच एका बाजूला कललेला आहे. शेवटचा सौदा सकाळी सव्वाअकराला झाला असेल, तर बंद भाव म्हणून तोच दिसतो. निर्देशांक मात्र साडेतीनपर्यंत हलत राहतो. दुपारची बातमी त्या शेअरमध्ये दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी उतरते. त्याच दिवसाचा सहसंबंध त्यामुळे कमी दिसतो आणि बीटा खाली येतो. आठवड्याच्या परताव्यात ही एक-दोन दिवसांची दिरंगाई बरीचशी मुरून जाते. नोंदी वाढवून हा दोष जात नाही. चुकीच्याच आकड्याची खात्री तेवढी वाढते.

होटगी_रोड, तुमच्या तुलनेत दोन गोष्टी एकदम बदलल्या आहेत: परताव्याचा अवधी आणि कालखंड. आधी तिन्ही ५ वर्षांवर काढा. मग रोजच्या रिग्रेशनमध्ये निर्देशांकाचा आजचा, कालचा आणि परवाचा परतावा असे तीन स्तंभ घ्या (१९७९ ची डिमसनची पद्धत) आणि तिन्ही गुणांकांची बेरीज करा:

```
=LINEST(C5:C1240, D5:F1240, TRUE, TRUE)
```

गुणांक उलट्या क्रमाने येतात, पहिला आकडा F स्तंभाचा असतो. बेरजेला फरक पडत नाही, पण ‘कालचा’ किती हे वाचताना हमखास घोळ होतो. सौदा न झालेल्या दिवशी आदला भाव पुढे ओढला असेल, तर तिथे शून्य परतावा बसतो. असे शून्य किती आहेत तेही मोजा.

बाळीवेस_गुंतवणूक:
माझ्याकडे एका सरकारी बँकेचे शेअर आहेत, ॲपवर बीटा १.४ दाखवतात. म्हणजे भाव पडणार का? विकू का?

विजापूर_वेस:
दादा, निर्देशांक १ टक्का हलला तर तुमचा शेअर सरासरी किती हलतो, एवढंच तो आकडा सांगतो. भाव वर जाणार की खाली, हे त्यातून कळत नाही.

होटगी_रोड:
सगळं ५ वर्षांवर केलं. रोजचा ०.५१ (त्रुटी ०.०७), साप्ताहिक ०.८८ (०.१६), मासिक १.१२ (०.३४). तीन स्तंभांचे गुणांक ०.४९, ०.२९, ०.१३, बेरीज ०.९१. शून्य परताव्याचे दिवस १४ टक्के निघाले.

विजापूर_वेस:
म्हणजे फरकाचं मूळ तुरळक सौद्यांत आहे. बेरीज साप्ताहिकच्या शेजारी येऊन बसली. मासिकचा १.१२ त्यांच्या विरोधात नाही, ०.३४ त्रुटीत ०.९ सहज मावतो.

आता ओढण्याबद्दल. दोन तृतीयांशाचं माप ब्लूमच्या अभ्यासातून रूढ झालं. तो न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या मासिक परताव्यांवर होता, आणि कालांतराने बीटा एककडे सरकतात असं त्यात दिसलं. तुरळक सौद्यांचा दोष दुरुस्त करायला ते माप नाही. ०.५१ चा ०.६७ झाला तरी तो कमीच राहतो.

सात_रस्ता:
मग व्हासिचेकची पद्धत लावा की. त्यात त्रुटी बघूनच वजन ठरतं.

विजापूर_वेस:
पद्धत चांगली, पण नेमकी इथेच फसवते. टेक्स्टाइल कंपन्यांच्या बीटांचा मध्य १ आणि प्रमाण विचलन ०.४० धरू, म्हणजे त्याचा वर्ग ०.१६. कच्च्या बीटाचं वजन ०.१६ भागिले (०.१६ अधिक त्रुटीचा वर्ग). रोजच्याला ०.९७ वजन मिळतं, म्हणून ०.५१ चा जेमतेम ०.५२ होतो. साप्ताहिकला ०.८६, म्हणजे ०.९०. मासिकला ०.५८, म्हणजे १.०७. सगळ्यात कललेल्या आकड्यावर सगळ्यात जास्त भरवसा! त्रुटीत कल दिसत नाही, म्हणून अवधी आधी ठरवायचा, ओढायचं नंतर.

मी साप्ताहिक घेईन. फक्त शुक्रवार ते शुक्रवार नको. सोमवार ते शुक्रवार प्रत्येक वार शेवट धरून पाच वेळा काढा आणि सरासरी घ्या. छोट्या शेअरमध्ये नुसता वार बदलला तरी आकडा चांगलाच हलतो.

होटगी_रोड:
पाचही वारांनी ०.८१ ते ०.९७ आले, सरासरी ०.८९. आता कर्जाचा परिणाम आधी काढू की आधी एककडे ओढू?

विजापूर_वेस:
आधी ओढा. त्रुटी कच्च्या बीटाची मोजली आहे, ती तिथेच वापरायची.

सात_रस्ता:
हे पटत नाही. एक हा मध्य कर्जासकट असलेल्या सरासरी कंपनीचा. या कंपनीवर कर्ज फार असेल, तर तिला एककडे का ओढायचं? कर्ज वगळून काढलेल्या उद्योगाच्या मध्याकडे ओढायला हवं.

विजापूर_वेस:
कर्ज सरासरीपेक्षा फार वेगळं असेल तर मुद्दा रास्त आहे. होटगी_रोड, कंपनीचं कर्ज-भांडवल गुणोत्तर आणि तुलनेतल्या बाकीच्या कंपन्यांचं टाका, मग बघू.