तुकडा निम्मा, पण तुकडे दुप्पट

> दर पायरीला प्रॉब्लेम निम्मा होतो, मग मर्ज सॉर्टचं काम घटत का जात नाही? n log n कुठून आलं?

तुकडा निम्मा होतो, पण तुकडे दुप्पट होतात, गोम तिथे आहे. इथे पुण्यात आमच्या लॅबमध्ये सबमिशनला 64 जर्नल्स येतात, रोल नंबरने लावायची असतात. सुट्या जर्नल्सच्या जोड्या केल्या, तर 64 जर्नल्स एकेकदा उचलली. जोड्यांचे चार-चारचे गठ्ठे केले, पुन्हा 64 उचलली. शेवटी 32-32 चे दोन गठ्ठे एकत्र केले, तेव्हाही 64च. 1 चे 64 व्हायला सहा वेळा दुप्पट व्हावं लागतं, म्हणून सहा फेऱ्या, एकूण 64 × 6 = 384 वेळा उचल. फेऱ्या log₂ n, दर फेरीला n.

तुम्ही म्हणता तसं काम घटतंही, पण एक अर्धा भाग टाकून दिला तरच: 64 + 32 + 16 + … म्हणजे 128 च्या आत. मर्ज सॉर्टला दोन्ही अर्धे लागतात.

आता मुलं हमखास करतात ती चूक. पायथनमध्ये मर्ज करताना:

```python
out.append(a.pop(0))
```

`pop(0)` मागचे सगळे घटक एकेक जागा पुढे सरकवतो, त्यामुळे मर्ज रेषीय राहत नाही, n² च्या घरात जातो. छोट्या यादीत कळतही नाही. मोठ्या यादीची लांबी दुप्पट करून बघा: वेळ दुपटीपेक्षा किंचित जास्त वाढला तर ठीक, चौपटीकडे गेला तर इंडेक्स वापरा.