नको असलेल्या नोकरीचा मेसेज आला, तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलंत?

मृद्गंध
आज कुकर लावताना लिंक्डइनवर एक ओळखीचं नाव दिसलं. याच बाईंनी ऑक्टोबरात बंगळुरूच्या कामाबद्दल विचारलं होतं. लेकीची दहावी, पुणं सोडणं शक्यच नव्हतं. इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या, त्याचा अर्थ असा: 'विचारलंत, आभार. मुलीच्या बोर्डामुळे सध्या बदल नको. जूननंतर पुण्यात पेमेंट्सचं बॅकएंडचं काम असेल तर नक्की कळवा.' आज तसंच काम घेऊन आल्या, आणि आधी विचारलं, 'दहावी कशी गेली?' डोळ्यांत पाणीच आलं. तुमचे अनुभव लिहा.

पावसाळी_ढग
किती टक्के मिळाले गं लेकीला?

सह्यकडा
मी उत्तरच देत नाही. नकार दिला की भरतीवाल्यांचं इनमेलचं, म्हणजे लिंक्डइनवर अनोळखी माणसाला मेसेज पाठवायचं, क्रेडिट वाया जातं म्हणे, उगाच कशाला कुणाचं नुकसान.

नीलमोहर
@सह्यकडा उलट आहे दादा. 90 दिवसांत उत्तर आलं, मग ते 'नको' का असेना, की क्रेडिट परत मिळतं. गप्प राहिलात तरच जातं.
अकरा वर्षं भरतीत काम करतेय. नुसतं 'इंटरेस्ट नाही' आलं तर नावापुढे टिपून ठेवायला काही उरत नाही. मृद्गंधताईंनी महिना, शहर आणि काम तिन्ही सांगितलं, म्हणून जूनमध्ये शोधताना त्या आठवल्या. पगाराचा आकडा मात्र तेव्हाच सांगू नका, वर्षभरानंतरही तोच धरून बसतात.

चिंचबन
मी फसलो होतो. 'आत्ता नको, पण संपर्कात राहू' म्हटल्यावर कन्सल्टन्सीवाला म्हणाला, सीव्ही तेवढा पाठवून ठेवा. पाठवला. चार महिन्यांनी मित्राने त्याच्या कंपनीत रेफर केलं तर एचआर म्हणे, तुमचं नाव आधीच एका एजन्सीकडून आलंय, रेफरल धरता येणार नाही. मला न विचारता पुढे सरकवला होता. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

नीलमोहर
@चिंचबन वाईट वाटलं. बहुतेक ठिकाणी आधी ज्याने सीव्ही दिला त्याचा हक्क काही महिने राहतो. म्हणून काम नको असेल तेव्हा सीव्ही देऊच नये, प्रोफाइलची लिंक पुरते. द्यायचाच झाला तर 'मला विचारल्याशिवाय कुठेही पाठवू नका' हे लेखी लिहा. तरी काही जण ऐकत नाहीत, हेही खरं.

तुळशीवृंदावन
आमच्या ह्यांचा नोटीस पिरियड 90 दिवसांचा आहे, कमी करून मिळतो का?

सह्यकडा
@तुळशीवृंदावन ऑफर लेटरमध्ये बायआउट लिहिलंय का बघा वहिनी.
@नीलमोहर मग मागच्या वर्षीच्या मेसेजला आत्ता उत्तर दिलं तर चालेल?

नीलमोहर
क्रेडिट गेलं, पण द्याच. उशिराबद्दल एक ओळ पुरे.

मृद्गंध
@पावसाळी_ढग 86! चला, भाजी करपतेय.