पेंडुलमचं जर्नल परत आलं, सरांच्या पत्राचा अर्थ सांगा (अर्जंट)

सक्करदऱ्याचा_पोट्टा
सोमवारी जर्नल परत द्यायचं आहे, लवकर सांगा. पेंडुलमवरून गुरुत्वत्वरण g काढायचा प्रयोग होता. लॅबच्या सरांनी अख्ख्या वर्गासाठी पत्र लावलंय, 'जर्नलमधल्या नेहमीच्या चुका' म्हणून. त्यातला हा भाग:

"बहुतेकांनी g ची सरासरी काढून खाली 'मानवी चुकीमुळे फरक आला' असं लिहिलं आहे. हे कारण नव्हे. कोणत्या मापात चूक झाली आणि तिच्यामुळे उत्तर वाढतं की घटतं, ते लिहा. अनेकांच्या तक्त्यात g ची किंमत ओळीगणिक चढत गेली आहे. एकानेही ते टिपलेलं नाही. नागपुरात ९.८१ शी तुलना करून टक्केवारी काढू नये. स्टॉपवॉचने मोजून सात दशांश स्थळं लिहू नयेत."

माझी g ९.६३५ आली, म्हणजे चूक फक्त १.८ टक्के. मग मार्क कापले कशाला?

वर्नियर
तक्ता टाका. सरासरीवरून काय कळणार?

जुना_फिजिक्सवाला
पंखा बंद होता का? आणि बॉब जास्त ओढला असेल. कोन मोठा झाला की आवर्तनाला वेळ जास्त लागतो आणि g कमी येते. आमच्या वेळी सर पाच अंशांच्या वर जाऊच देत नव्हते.

सुनीताताई
अरे बाळा, सरांना पत्र लिहायचं तर डावीकडे तारीख, मग 'माननीय महोदय', आणि शेवटी 'आपला विश्वासू'. माझ्या मुलीच्या शाळेत असंच चालतं.

सक्करदऱ्याचा_पोट्टा
ताई, पत्र सरांनी लिहिलंय, मला नाही लिहायचं.
घ्या तक्ता. लांबी ४०, ६०, ८०, १०० सेंमी. g अनुक्रमे ९.५५, ९.६३, ९.६७, ९.६९. प्रत्येक लांबीला २० ऑसिलेशन.

वर्नियर
चढतेय ना? स्टॉपवॉच उशिरा दाबलं जातं ते कधी इकडे, कधी तिकडे; त्याने आकडे वरखाली होतात, असे रांगेत चढत नाहीत. लांबी कुठून कुठपर्यंत मोजली?

सक्करदऱ्याचा_पोट्टा
दोऱ्याची. वरच्या चिमट्यापासून बॉबपर्यंत. सगळेच तसं करून राहिले होते.

वर्नियर
बॉबच्या वरच्या टोकापर्यंत ना? लांबी बॉबच्या मध्यापर्यंत धरायची असते. बॉब २ सेंमीचा असेल तर प्रत्येक ओळीत १ सेंमी कमी धरली गेली. ४० ला एक कमी म्हणजे अडीच टक्के, १०० ला एकच टक्का. म्हणून वरची ओळ जास्त खाली आणि खालची थोडीच खाली. सर म्हणतात तो चढ हाच.

जुना_फिजिक्सवाला
थांबा. बॉब दर वेळी तेवढाच, समजा १० सेंमी ओढला, तर आखूड दोऱ्याला कोन मोठा होतो. मग हाच चढ माझ्याही कारणाने येतो की नाही?

वर्नियर
येतो, बरोबर आहे. पण ४० सेंमीला १० ओढलं तरी कोन चौदा-पंधरा अंश, त्याने g एका टक्क्यापेक्षाही कमी पडते. इथे अडीच टक्के पडलीय. आणि १०० सेंमीला तो परिणाम जवळजवळ नाहीच, तरी एक टक्का कमी आहे. दोन्ही मिसळलेलं असू शकतं, मुख्य कारण ते नाही.

केमिस्ट्री_धरमपेठ
आमच्याकडेही हेच. टायट्रेशन गडद गुलाबी होईपर्यंत ओतत राहतात आणि निष्कर्षात 'मानवी चूक'. गडद झालं म्हणजे जास्त पडलं, रीडिंग वाढलं, एवढं तरी लिहा की!

सक्करदऱ्याचा_पोट्टा
पण आता बॉब हातात नाही न बाप्पा. १ सेंमी टाकून आकडे बदलू का?

वर्नियर
न मोजता टाकू नका. सरांना लगेच कळेल. दोन टोकांच्या ओळी घ्या. वेळ सांगा.

सक्करदऱ्याचा_पोट्टा
४० ला २० ऑसिलेशन २५.७२ सेकंद, १०० ला ४०.३६.

वर्नियर
एका ऑसिलेशनचा वेळ T झाला १.२८६ आणि २.०१८. वर्ग १.६५३८ आणि ४.०७२३, फरक २.४१८५. लांबीतला फरक ०.६० मीटर. बॉबची त्रिज्या दोन्हींत सारखीच राहिली, म्हणून वजाबाकीत ती उडून जाते.

```
g = 4π² × 0.60 / 2.4185 ≈ 9.79
```

T² आणि लांबीचा ग्राफ काढला तर चारही बिंदूंतून हाच स्लोप मिळेल आणि रेषा आरंभबिंदूतून न जाता लांबीच्या अक्षाला १ सेंमी डावीकडे छेदेल. तो छेद जर्नलात दाखवा, कारण आपोआप सापडतं.

सक्करदऱ्याचा_पोट्टा
९.७९ तरी ९.८१ पेक्षा कमीच न?

वर्नियर
नागपूर २१ अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर. इथे ९.७९ च हवी. ९.८१ युरोपच्या अक्षांशांवरची.

जुना_फिजिक्सवाला
आम्ही आयुष्यभर ९.८१ च लिहिलं, पूर्ण मार्क मिळाले. तरी सांगतो, किती ओढलं होतं ते विचारा त्याला.

सक्करदऱ्याचा_पोट्टा
आठवत नाही. लिहिलंच नव्हतं. आणि लॅब सोमवारीच उघडते, बॉब मोजायचा कधी?